एक ब्लॉक, चार डिपार्टमेंट, दोन लिंक: वाटणी कुठे चुकली?

जर्नल_अपूर्ण

नमस्कार मंडळी. मी सांगलीत थर्ड इयर कॉम्प्युटरला आहे. नेटवर्क्सच्या असाइनमेंटमध्ये `192.168.24.0/24` हा ब्लॉक दिला होता आणि तो कॉलेजच्या डिपार्टमेंटना वाटायचा होता. सिव्हिलला २८ मशीन, कॉम्प्युटरला १००, मेकॅनिकलला ६२, ऑफिसला १२, आणि राउटर-राउटरमधल्या दोन लिंक. मी प्रत्येकाला लागणारी २ ची पुढची घात घेतली आणि प्रश्नात ज्या क्रमाने नावं होती त्याच क्रमाने एकापुढे एक लावत गेले:

```
सिव्हिल      28    192.168.24.0/27     0 - 31
कॉम्प्युटर   100   192.168.24.32/25    32 - 159
मेकॅनिकल    62    192.168.24.160/26   160 - 223
ऑफिस       12    192.168.24.224/28   224 - 239
लिंक १       2     192.168.24.240/30   240 - 243
लिंक २       2     192.168.24.244/30   244 - 247
```

एकूण २४८ झाले, वर ८ उरले. कुणाचं कुणावर चढलेलं नाही. तरी सरांनी कॉम्प्युटर आणि मेकॅनिकलच्या ओळींवर लाल गोळा करून "पुन्हा करा" लिहिलंय. का ते लिहिलेलं नाही. विचारायला गेले तर सर परीक्षेच्या ड्यूटीवर, सोमवारी भेटणार. आणि सबमिशनही सोमवारीच. बेरीज तीनदा तपासली. चूक कुठे आहे?

भडंग_विथ_कांदा

लाल गोळ्यावरून आठवलं, आमच्या वेळी सर पूर्ण पानावर एकच तिरकी रेघ मारायचे. तुझे सर दयाळू आहेत.

गुंठेवाला

शीर्षक वाचून धावत आलो. ब्लॉक, वाटणी, सिव्हिल, ऑफिस... मला वाटलं पोटहिश्श्याचं प्रकरण आहे. गट नंबर टाका, सातबारा बघून सांगतो.

जर्नल_अपूर्ण

काका, इथे सातबारा नाही, मास्क आहे :)

मिरज_जंक्शन

बेरीज बरोबर आहे, प्रत्येकाचा आकारही बरोबर आहे. चूक जागेत आहे.

`/25` म्हणजे १२८ पत्त्यांचा तुकडा. पण तो तुकडा कुठूनही सुरू होत नाही. तो 0 पासून सुरू होईल नाहीतर 128 पासून. तू तो 32 पासून सुरू केलास. कागदावर "32 - 159" लिहिता येतं, पण मशीनला तुझा कागद दिसत नाही. तिला दिसतो फक्त स्वतःचा पत्ता आणि मास्क, आणि त्या दोघांचा अँड करून ती आपलं नेटवर्क ठरवते. तुझ्या कॉम्प्युटर लॅबमधली दोनच मशीन घे, एक .40 आणि एक .150:

```
 40  00101000      150  10010110
/25  10000000      /25  10000000
AND  00000000      AND  10000000
     = 0                = 128
```

एकाच लॅबमधली, एकाच स्विचला जोडलेली दोन मशीन, मास्कही एकच. तरी पहिली म्हणते मी `192.168.24.0` मधली, दुसरी म्हणते मी `192.168.24.128` मधली. शेजारी बसून अनोळखी. शिवाय पहिलीच्या हिशेबात 0 ते 31 हेसुद्धा तिच्याच घरातले, म्हणजे तुझं अख्खं सिव्हिल. तू म्हणतेस कुणाचं कुणावर चढलेलं नाही. तुझ्या कागदावर नाही चढलेलं, पण मास्कप्रमाणे चढलंय.

मेकॅनिकलचंही तसंच. `/26` चे तुकडे 0, 64, 128, 192 इथेच पडतात. 160 या यादीत नाही. त्यामुळे .170 वाला 128 च्या तुकड्यात गेला आणि .200 वाला 192 च्या. ऑफिसच्या 224 वर गोळा का नाही? कारण 224 ला १६ ने पूर्ण भाग जातो. ते नशिबाने बरोबर आलंय.

तपासायची युक्ती एकच: सुरुवातीच्या आकड्याला तुकड्याच्या आकाराने भाग द्यायचा. बाकी उरली की लाल गोळा.

गुंठेवाला

म्हणजे आमच्यापेक्षा वाईट. जमिनीत निदान मोजणी करून दगड कुठेही रोवता येतो.

मिरज_जंक्शन

अगदी तेच. इथे दगड आधीच रोवलेले आहेत. तुम्ही फक्त कोणत्या दगडापासून कोणत्या दगडापर्यंत ते निवडायचं.

सातारी_मावळा

इतकं लांबवायची गरज नव्हती. नियम सोपा आहे: सगळ्यात मोठं डिपार्टमेंट आधी, मग उतरत्या क्रमाने. धागाकर्तीने प्रश्नातल्या क्रमाने लावलं, म्हणून चुकलं. आधी १००, मग ६२, मग २८, मग १२, शेवटी लिंक. हा नियम पाळला नाही की उत्तर चूकच येणार. (कंदी पेढे पाठवून द्यावेत, भडंग नको.)

भडंग_विथ_कांदा

पेढ्याच्या गावच्या लोकांनी आमच्या धाग्यावर येऊन भडंगाला नावं ठेवायची, याचा जाहीर निषेध.

निवृत्त_एक्स्चेंज

मी दूरसंचार खात्यात चौतीस वर्षं काढली. मावळ्याचं बरोबर आहे, पण कुणाच्या लक्षात न आलेली गोष्ट सांगतो. सबनेट केल्यावर पहिला आणि शेवटचा सबनेट वापरायचा नसतो. पहिल्याचा पत्ता मूळ नेटवर्कच्या पत्त्यासारखाच दिसतो आणि शेवटच्याचा ब्रॉडकास्ट मूळ ब्रॉडकास्टसारखा. आम्हाला ट्रेनिंगमध्ये हे घोकून घेतलं होतं, दोनचा घात वजा दोन. पोरीने 0 पासून सुरुवात केली तिथेच पहिली चूक.

मिरज_जंक्शन

काका, तुम्हाला शिकवलं ते त्या काळी बरोबरच होतं. १९८५ च्या आरएफसी ९५० मध्ये सबनेटच्या बिटा सगळ्या शून्य किंवा सगळ्या एक असू नयेत असंच होतं. तेव्हाचे रूटिंग प्रोटोकॉल मास्क सोबत पाठवत नव्हते, त्यामुळे `192.168.24.0` म्हणजे अख्खं नेटवर्क की त्याचा पहिला तुकडा, हे राउटरला कळायला मार्ग नव्हता. १९९३ मध्ये सीआयडीआर आलं, मास्क पत्त्यासोबत जाऊ लागला आणि ते कारणच गेलं. १९९५ च्या आरएफसी १८७८ ने तर ही पद्धत कालबाह्य असल्याचं स्पष्ट लिहिलं. सिस्कोच्या राउटरवर `ip subnet-zero` आवृत्ती १२.० पासून आपोआप चालू असतं.

आणि एक गंमत बघा. तुमचा नियम लावला तर `/24` चे `/25` केल्यावर दोनच तुकडे पडतात, एक पहिला आणि एक शेवटचा. दोन्ही बाद. मग शंभर मशीनची लॅब बसवायची कुठे?

निवृत्त_एक्स्चेंज

हं. म्हणजे होस्टमधले वजा दोन राहिले आणि सबनेटमधले गेले, असं?

मिरज_जंक्शन

असंच. प्रत्येक तुकड्यातला पहिला पत्ता नेटवर्कचा आणि शेवटचा ब्रॉडकास्टचा, हे दोन अजून जातातच. १२८ चे १२६, ६४ चे ६२.

निवृत्त_एक्स्चेंज

ठीक. पण परीक्षक माझ्या वयाचा निघाला तर मला दोष देऊ नका.

मिरज_जंक्शन

आता मावळ्याकडे वळतो. "मोठं आधी" ही सवय चांगली आहे, पण नियम तो नव्हे. नियम एकच, सुरुवात आकाराच्या पटीत हवी. मोठं आधी लावलं की तो आपोआप पाळला जातो, कारण १२८ नंतरची जागा ६४ ची पट असतेच, आणि ६४ नंतरची ३२ ची. पण लहान आधी लावूनही बरोबर उत्तर येतं. सिव्हिल पहिलंच ठेवून दाखवतो:

```
सिव्हिल      192.168.24.0/27     0 - 31
ऑफिस       192.168.24.32/28    32 - 47
लिंक १, २     192.168.24.48/30, 192.168.24.52/30
मोकळे        56 - 63
मेकॅनिकल    192.168.24.64/26    64 - 127
कॉम्प्युटर   192.168.24.128/25   128 - 255
```

कॉम्प्युटर शंभर मशीन असून शेवटी, तरी यात चूक काढून दाखवा.

सातारी_मावळा

चूक नाही. पण परीक्षेत उत्तर तपासणारा शेजारी मॉडेल आन्सर ठेवून बसलेला असतो. त्यात `/25` वर 0 लिहिलेलं असेल तर तुमचं 128 बघून तो काट मारणार. पोरीला सोमवारी सबमिशन आहे, तत्त्वज्ञान नकोय.

मिरज_जंक्शन

हे मात्र मान्य. जर्नलात मोठं आधी लिहावं.

जर्नल_अपूर्ण

बाप रे, इतके प्रतिसाद. मिरजदादा, अँड करून दाखवल्यावर डोक्यात ट्यूब पेटली. आम्हाला अँड शिकवला होता, पण "पत्त्यावरून नेटवर्क काढा" या वेगळ्या प्रश्नासाठी. वाटणी करताना तो तपासायचा असतो हे सुचलंच नाही. आता असं लिहिलंय:

```
कॉम्प्युटर   192.168.24.0/25     1 - 126     ब्रॉडकास्ट 127
मेकॅनिकल    192.168.24.128/26   129 - 190   ब्रॉडकास्ट 191
सिव्हिल      192.168.24.192/27   193 - 222   ब्रॉडकास्ट 223
ऑफिस       192.168.24.224/28   225 - 238   ब्रॉडकास्ट 239
लिंक १       192.168.24.240/30   241, 242    ब्रॉडकास्ट 243
लिंक २       192.168.24.244/30   245, 246    ब्रॉडकास्ट 247
मोकळे        248 - 255
```

प्रत्येक सुरुवातीला भाग देऊन पाहिला. 128 ला ६४ ने, 192 ला ३२ ने, 224 ला १६ ने, 240 आणि 244 ला ४ ने. बाकी कुठेच नाही.

मार्केट_यार्ड

मी कॉम्प्युटरवाला नाही, आडत दुकान आहे, हळद-गूळ. पण हा मास्क नावाचा प्राणी मला चावलाय म्हणून लिहितो. दुकानात खाली पाच मशीन, वर हिशेबाचा विभाग आणि मोठा प्रिंटर. ज्याने बसवलं त्याने खालचे आणि वरचे पत्ते वेगळे ठेवले होते, मध्ये राउटर. भाच्याने नवा लॅपटॉप आणला, खाली जोडला, पत्ता हाताने टाकला. इंटरनेट चालू, खालची सगळी मशीन दिसतात, फक्त वरचा प्रिंटर नाही. केबल बदलली, प्रिंटर बदलायला निघालो होतो. ऐन सीझनमध्ये तीन दिवस पावत्या पेन ड्राइव्हवरून छापल्या.

भडंग_विथ_कांदा

केबलच असणार. नव्वद टक्के वेळा केबलच असते.

मार्केट_यार्ड

केबल नव्हती हो, बदलली म्हणालो ना. पिंग केलं तर हे यायचं, फोटो काढून ठेवलाय:

```
Reply from 192.168.1.35: Destination host unreachable.
```

३५ हा त्या लॅपटॉपचाच नंबर. स्वतःलाच सांगतोय की पोचत नाही. शेवटी ज्याने बसवलं होतं त्यालाच बोलावलं, त्याने मास्कमधल्या शेवटच्या ० चं १२८ केलं आणि दोन मिनिटांत छापायला लागलं. पैसे पाचशे घेतले. का ते आजवर कळलेलं नाही.

मिरज_जंक्शन

यार्डसाहेब, तुमची केस या धाग्यासाठी सोन्यासारखी आहे. प्रिंटरचा पत्ता १२८ च्या पुढचा असणार, समजा .200. तुमची वाटणी होती खाली `/25`, वर `/25`. भाच्याने टाकलं `/24`. आता लॅपटॉपच्या हिशेबाने .200 हा त्याच्याच घरातला, मग राउटरकडे कशाला जायचं? तो आपल्याच मजल्यावर ओरडत बसला, "२०० कोण आहे?" ती हाक राउटर पलीकडे जाऊ देत नाही, त्यामुळे वर प्रिंटरला ऐकूच गेली नाही. उत्तर आलं नाही म्हणून लॅपटॉपने स्वतःच जाहीर केलं की पोचत नाही. म्हणून ओळीत त्याचाच नंबर. इंटरनेटचे पत्ते मात्र `/24` च्याही बाहेरचे, ते सरळ राउटरकडे जायचे, म्हणून ते चालू.

ही खूण सगळ्यांनीच लक्षात ठेवा. "unreachable" च्या आधी स्वतःचा पत्ता दिसला तर मशीन समोरच्याला शेजारी समजून हाका मारतेय आणि कुणी ओ देत नाही. समोरचं मशीन बंद असलं तरी हेच दिसतं, त्यामुळे आधी तो प्रिंटर चालू आहे ना ते बघायचं. मग मास्क. "Request timed out" आलं तर गोष्ट वेगळी, निरोप निघालाय पण परत आला नाही.

आणि काही राउटर प्रॉक्सी एआरपी करतात, म्हणजे २०० च्या नावाने स्वतःच ओ देतात. मग मास्क चुकीचा असूनही सगळं चालतं आणि चूक राउटर बदलेपर्यंत कुणाला कळत नाही. तुमच्याकडे तसं नव्हतं, म्हणून तीन दिवसांत सुटलात.

मार्केट_यार्ड

पाचशे रुपयांची किंमत आज कळली.

ओसरीवरची_ताई

मी डिप्लोमाच्या मुलांना हा विषय शिकवते. धागाकर्तीची नवी वाटणी पाहिली, छान आहे. पण एक प्रश्न कुणीच विचारलेला नाही. मेकॅनिकलला ६२ मशीन आणि `/26` मध्ये वापरण्याजोगे पत्ते ६२. मग मेकॅनिकलचा गेटवे, म्हणजे राउटरचा त्या बाजूचा पत्ता, बसणार कुठे? मशीन ६२ अधिक गेटवे १, झाले ६३. बसत नाहीत.

जर्नल_अपूर्ण

अरे देवा.

ताई, मग मेकॅनिकललाही `/25` द्यायचं? कॉम्प्युटरचे १२८ आणि मेकॅनिकलचे १२८, इथेच २५६ संपले. सिव्हिल, ऑफिस, लिंक सगळे बाहेर. म्हणजे प्रश्नच सुटत नाही?

ओसरीवरची_ताई

गेटवे धरला तर या ब्लॉकमध्ये सुटत नाही. म्हणूनच मला वाटतं प्रश्न काढणाऱ्याने ६२ हा आकडा मुद्दाम निवडलाय. एकतर ६२ मध्ये गेटवे धरलेला आहे आणि `/26` कसं काठोकाठ भरतं ते दाखवायचंय. किंवा विद्यार्थ्याने अडचण ओळखून लिहावी अशी अपेक्षा आहे. बाकीच्यांना धक्का नाही बघ, सिव्हिल २९ झाले तरी ३० मध्ये, ऑफिस १३ झाले तरी १४ मध्ये, कॉम्प्युटरचं तर बोलायलाच नको. फक्त मेकॅनिकलच काठावर.

सातारी_मावळा

माझं मत उलट. पुस्तकी गणितात जेवढे होस्ट दिले तेवढेच धरायचे. गेटवे वेगळा मोजायला लागलात तर स्विचचा मॅनेजमेंट पत्ता, प्रिंटर, ॲक्सेस पॉइंट पण मोजा. मग कुठे थांबणार?

ओसरीवरची_ताई

प्रिंटर नसला तर मेकॅनिकलवाले दुसऱ्या लॅबमध्ये जाऊन छापतील. गेटवे नसला तर दुसऱ्या डिपार्टमेंटशी बोलताच येणार नाही. दोन्ही एकाच तागडीत कसे घालता?

सातारी_मावळा

प्रश्नात "मशीन" लिहिलंय, "पत्ते" नाही. राउटर मशीन नाही का?

ओसरीवरची_ताई

वा, म्हणजे आता शब्दांवर आलात. मशीन म्हणजे टेबलावरचा पीसी असाच अर्थ लॅबमध्ये घेतात.

गुंठेवाला

आमच्यात याला बांधाचं भांडण म्हणतात. बांध कुणाच्या हद्दीत धरायचा. पिढ्यान्‌पिढ्या चालतं.

मिरज_जंक्शन

मी ताईंच्या बाजूचा, पण मावळ्याचा वाद बिनबुडाचा नाही. मी दोन्ही प्रकारे सोडवलेली मॉडेल उत्तरं पाहिली आहेत. जर्नलात खाली एक ओळ टाक: "६२ मध्ये गेटवे धरला आहे, गेटवे वेगळा असल्यास `/24` अपुरा, किमान `/23` हवा." `/23` मध्ये ५१२ पत्ते, त्यात दोन `/25` देऊनही २५६ शिल्लक राहतात. आकडेमोड तीच, गृहीतक उघड.

खरं सांगायचं तर नोकरीत असं काठोकाठ कुणी भरत नाही. `192.168` चे पत्ते आतल्या वापराचे, फुकटचे. आम्ही प्रत्येक विभागाला सरळ एक `/24` देतो, २५४ मधले दोनशे रिकामे पडले तरी कुणी विचारत नाही. इतकी काटकसर लागते ती विकत घेतलेल्या पब्लिक पत्त्यांत.

निवृत्त_एक्स्चेंज

लिंकवर दोनच टोकं असतात ना? मग चार पत्ते कशाला अडवायचे? नेटवर्क आणि ब्रॉडकास्टचे दोन तिथे वाया जातात. आमच्या काळी वाया घालवलेल्या जोड्यांचा हिशेब मागायचे.

मिरज_जंक्शन

काका, या वेळी तुम्ही आमच्या पुढे आहात. २००० साली आरएफसी ३०२१ आलं, त्यात दोन टोकांच्या लिंकवर `/31` चालतं, दोन्ही पत्ते वापरता येतात. पण असाइनमेंटमध्ये `/30` च लिही. `/31` लिहिलं की तोंडी परीक्षेत त्यावर पाच मिनिटं जातील.

निवृत्त_एक्स्चेंज

पाहा, म्हातारा एकदम टाकाऊ नाही.

जर्नल_अपूर्ण

रविवार रात्र. मी आणि मैत्रिणीने पॅकेट ट्रेसरमध्ये बांधून पाहिलं. आधी मुद्दाम जुनी, चुकीची वाटणी टाकली. सिव्हिलच्या पोर्टला `192.168.24.1` आणि `/27` दिलं. मग कॉम्प्युटरच्या पोर्टला:

```
Router(config-if)#ip address 192.168.24.33 255.255.255.128
% 192.168.24.0 overlaps with GigabitEthernet0/0
```

मी दिला होता 33, आणि राउटर ओरडतोय 0 च्या नावाने! म्हणजे त्यानेही अँडच केला. सरांचा लाल गोळा राउटरने अक्षरशः दिला, फक्त कारणासकट.

नवी वाटणी टाकल्यावर सगळं हिरवं. कॉम्प्युटरमधून मेकॅनिकलला पिंग गेलं (पहिलं पाकीट चुकलं, बाकी तीन आले).

मिरज_जंक्शन

पहिलं चुकणं साहजिक आहे, तेवढ्या वेळात पत्त्याची विचारपूस चाललेली असते. दुसऱ्यांदा पिंग कर, चारही येतील.

जर्नल_अपूर्ण

आले. पण आता मैत्रिणीच्या वाटणीवरून आमचं भांडण लागलंय. तिने कॉम्प्युटर, मेकॅनिकल, सिव्हिल, ऑफिस माझ्यासारखेच लावले. लिंक १ पण 240 वर. पण लिंक २ तिने शेवटी नेली, `192.168.24.252/30` वर, "टोकाला नीट दिसते" म्हणून. दोघींकडेही आठच पत्ते उरले. माझे 248 ते 255, तिचे 244 ते 251. सर तोंडीत नेहमी विचारतात, "उरलेल्यात लायब्ररी बसवा." तिचं म्हणणं, आठ ते आठच, सलग आहेत, एक `/29` होईल.

सातारी_मावळा

होईल की. सलग आठ आहेत ना.

ओसरीवरची_ताई

मावळेसाहेब, 244 ला ८ ने भाग देऊन बघा.

सातारी_मावळा

...३०, बाकी ४. हरलो. पेढे मीच पाठवतो.

ओसरीवरची_ताई

तिच्या आठ पत्त्यांच्या बरोबर मध्ये 248 चा दगड आहे. अलीकडे चार, पलीकडे चार. त्यात दोन `/30` बसतील, पण `/29` एकही नाही. `/30` मध्ये लायब्ररीचा गेटवे आणि एक पीसी, संपलं. जर्नल_अपूर्ण, तुझ्या 248 मध्ये मात्र अख्खं `/29` बसतं, 249 ते 254, सहा पत्ते. गेटवे धरला तर पाच पीसी.

सातारी_मावळा

गेटवे न धरता सहा.

ओसरीवरची_ताई

मावळेसाहेब!

जर्नल_अपूर्ण

मैत्रीण आत्ता खोडरबर घेऊन बसलीय. लिंक २ परत 244 वर आणतेय.

सोमवार, दुपार. जर्नल घेतलं, गोळे नाहीत. मेकॅनिकलच्या ओळीशी मात्र सरांनी पेन्सिलीने एक बारीक प्रश्नचिन्ह काढलंय आणि खालच्या गृहीतकाच्या ओळीला बरोबरची खूण. म्हणजे ६२ मध्ये गेटवे धरायचा की नाही ते अजूनही माहीत नाही.

गुंठेवाला

सांगितलं होतं ना. बांधाचं भांडण.

भडंग_विथ_कांदा

पेढ्यांचा पत्ता व्यनि करतो. मास्कसकट.